गाऊट, युरिक अ‍ॅसिड आणि ताटातली जात



आमच्या वस्तीतले एक दादा घंटागाडीवर कंत्राटी कामगार आहेत. वय ४६. गेल्या वर्षी एका पहाटे त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा लाल होऊन टम्म सुजला. अंगावरची चादर अंगठ्याला लागली तरी ते ओरडत होते. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासलं, युरिक अ‍ॅसिड निघालं ९.४. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिण्याआधी दादांचं आडनाव वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही लोक मांसमच्छी फार खाता, त्याचंच हे." मग हातात छापील यादी दिली. मटण बंद, मासे बंद, अंडी बंद, सगळ्या डाळी बंद, पालक, टोमॅटो, फुलकोबी, वांगं, दही बंद.

तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊ, आता ह्यांना काय वाढू ते तरी सांगा. वरणसुद्धा बंद केलंय. भाकरी, बटाटा आन् चहा-खारीवर माणूस किती दिवस काम करंल?" दादा वाळले होते. नवा रिपोर्ट आला होता, ८.७. तीन महिन्यांची उपासमार आणि कमाई पाऊण मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्या तीन महिन्यांत अंगठा आणखी दोनदा सुजला होता.

हा लेख त्या छापील यादीविरुद्ध आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धंच बोललो असं होईल. "आमच्या खाण्याला नावं ठेवतात म्हणजे ही सगळी ब्राह्मणी अफवा आहे," असं म्हणून कलेजीच्या प्लेटीवर क्वार्टर रिचवणारे आपले कार्यकर्तेही मी पाहिलेत. हा लेख त्यांच्याविरुद्धही आहे. बुद्धाने कालामांना सांगितलं की परंपरेने चालत आलं म्हणून मानू नका, मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. तर तपासून घेऊ.

युरिक अ‍ॅसिड येतं कुठून?

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकीय द्रव्य असतं आणि त्याच्या घडणीत प्युरीन नावाचे घटक असतात. पेशी जुन्या होतात, मोडतात, त्यातलं प्युरीन मोकळं होतं आणि यकृत त्याचं युरिक अ‍ॅसिड करतं. अन्नातल्या पेशींचं प्युरीनही याच वाटेने जातं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक अ‍ॅसिड मोडून टाकणारं एक विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं. त्यामुळे आपल्याला ते बाहेर टाकण्यावाचून गत्यंतर नाही. साधारण दोन तृतीयांश किडनीतून लघवीवाटे जातं आणि उरलेलं आतड्यातून.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. शरीरात रोज तयार होणाऱ्या युरिक अ‍ॅसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश शरीराच्या स्वतःच्या पेशींतून येतं. ताटातून येतं ते एक तृतीयांशाच्या आसपास. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गाऊट झालेल्या दहापैकी नऊ जणांचा मुख्य दोष "जास्त तयार होणं" हा नसतो, "कमी बाहेर जाणं" हा असतो. किडनीतली आणि आतड्यातली युरिक अ‍ॅसिड वाहून नेणारी यंत्रणा काहींच्यात जन्मतःच मंद असते. टाकीत पाणी येतंय नेहमीइतकंच, पण मोरीचं भोक बारीक आहे. अशा घरात पाणी तुंबलं तर नळाला शिव्या देऊन भागणार नाही.

रक्तात ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरिक अ‍ॅसिड गेलं की ते विरघळलेलं राहायला अवघड होतं आणि सांध्यात सुईसारखे बारीक स्फटिक साचू लागतात. अंगठा शरीराच्या टोकाला असल्याने थंड असतो, म्हणून तिथे आधी साचतात. एखाद्या रात्री शरीराचे पहारेकरी त्या स्फटिकांवर तुटून पडतात, आणि तो हल्ला म्हणजे गाऊटचा झटका. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही, हेही इथेच सांगतो. तपासणी शिबिरात ७.४ आलं, सांधा कधी सुजला नाही, किडनी ठीक आहे, तर तो आकडा म्हणजे रोग नव्हे. नुसत्या आकड्यासाठी औषध सुरू करू नये, असंच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. पण आपल्याकडे शिबिरातल्या त्या एका आकड्यावर घराघरातली डाळ बंद होते.

"तुम्ही लोक खाता म्हणून" या वाक्याची तपासणी

२०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या साडेसोळा हजारांहून अधिक माणसांचा आहार, रक्त आणि जनुकं एकत्र तपासली होती. माणसामाणसांत युरिक अ‍ॅसिडचा जो फरक दिसतो, त्यातला कुठल्याही एका पदार्थाने समजावता येणारा भाग एक टक्क्यालाही पोहोचला नाही. नेहमी आढळणाऱ्या जनुकीय फरकांनी मात्र जवळपास २४ टक्के भाग समजावला. हे सगळे लोक युरोपीय वंशाचे होते, म्हणून हे आकडे आपल्यावर जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण "खाल्लंस म्हणून भोगतोयस" हे वाक्य किती पोकळ आहे ते यातून कळतं.

याहून गमतीची गोष्ट इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका मोठ्या पाहणीतून आली. मांस खाणारे, मासे खाणारे, दूधदुभतं घेणारे शाकाहारी आणि दूधही न घेणारे कडक शाकाहारी असे चार गट होते. युरिक अ‍ॅसिड सर्वांत जास्त कुणाचं निघालं? दूधही न घेणाऱ्या कडक शाकाहाऱ्यांचं. पुरुषांमध्ये सर्वांत कमी निघालं दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांचं. मांस खाणारे मधे होते. पुरुषांमध्ये पहिल्या आणि शेवटच्या गटातला फरक अवघा ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास होता. मांसाहाराला पाप ठरवणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावून ठेवावा. त्यात तारणारं जर काही असेल तर ते दूध आहे, सोवळं नाही.

न्यूझीलंडचं उदाहरण आपल्या चळवळीने मुद्दाम वाचावं. तिथल्या मूळनिवासी माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांत गाऊटचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. वर्षानुवर्षं त्यांना ऐकवलं गेलं की तुम्ही फार खाता, फार पिता. पुढे तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की त्यांच्यात युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकणारी जनुकीय रूपं अधिक आढळतात. आणि गाऊट जास्त असूनही युरिक अ‍ॅसिड उतरवणारं औषध त्यांनाच नियमितपणे कमी मिळतं. ऐकून ऐकून त्या लोकांना स्वतःचीच लाज वाटू लागली आणि ते दवाखान्यात जाईनासे झाले. दोष ताटाला दिला की औषध देण्याची जबाबदारी संपते. आमच्या दादांच्या बाबतीत हेच घडलं. आडनाव वाचलं, कारण सापडलं, पुढची तपासणी बंद.

आता ताट उघडून बघू

खाण्याचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याला गाऊट आधीच जडलाय, त्याच्या सांध्यात स्फटिक साचलेले असतात आणि दोन दिवसांच्या खाण्यापिण्याने झटका येऊ शकतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात गाऊटच्या रुग्णांच्या झटक्याआधीच्या दोन दिवसांची तुलना बिनझटक्याच्या दिवसांशी केली. मांसमाशांतून सर्वाधिक प्युरीन पोटात गेलं तेव्हा झटक्याची शक्यता सुमारे २.४ पट झाली. वनस्पतींतल्या प्युरीनने ती सुमारे १.४ पट झाली. म्हणजे डाळीचं आणि कलेजीचं प्युरीन एका पारड्यात घालता येत नाही.

कुठल्या पदार्थात किती, हे पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या. जिथे पेशी दाट, तिथे प्युरीन जास्त. कलेजी म्हणजे पेशींची भरगच्च वस्ती. शंभर ग्रॅममागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम. गुर्दाही वरच्याच रांगेत. मटण, चिकन, बीफ यांच्या मांसात साधारण १०० ते १५०. इथे एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही. वजडी ही कलेजीसारखी नाही. जनावराच्या पोटाच्या पिशवीत प्युरीन साध्या मांसाइतकंच किंवा त्याहून थोडं कमी असतं. "आतडी-कोतडी खाता" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सगळ्याला एकाच टोपलीत टाकलंय, विज्ञानाने तसं टाकलेलं नाही.

सुकट, जवळा, सुके बोंबील यांतलं पाणी निघून गेलेलं असतं, म्हणून वजनाच्या मानाने प्युरीन भारी. लहान सुक्या मासळीत शंभर ग्रॅममागे ३०० ते ७०० पर्यंत. पण शंभर ग्रॅम सुकट एका बैठकीत कोण खातं? चटणीत माणशी १५-२० ग्रॅम येते. म्हणजे भाकरीबरोबरची एक दिवसाची चटणी म्हणजे साध्या मटणाच्या वाटीइतकी किंवा त्याहून कमी. रोज दोन्ही वेळा तीच खाल्ली तर प्रश्न येतो.

अंडं? अंड्यात प्युरीन जवळजवळ नाहीच. कोंबडीचं न फुटलेलं अंडं म्हणजे पेशींची गर्दी नाही, अन्नाचा साठा आहे. दादांच्या यादीत अंडं बंद होतं, त्याला कुठलाही आधार नव्हता. शाळेतल्या पोषण आहारात अंडं दिलं की ज्यांचा धर्म बुडतो त्यांनी ते यादीत घुसवलं असावं, असं मला वाटतं. दूध, दही, ताक यांतही प्युरीन नाही. उलट ४७ हजार अमेरिकन पुरुषांना बारा वर्षं पाहणाऱ्या आणि २००४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात जास्त दूधदुभतं घेणाऱ्यांना गाऊट जवळपास निम्म्याने कमी झाला. त्याच अभ्यासात मांस जास्त खाणाऱ्यांचा धोका सुमारे ४१ टक्के आणि मासे जास्त खाणाऱ्यांचा सुमारे ५१ टक्के वाढलेला दिसला. आणि प्युरीन असलेल्या भाज्या? पालक, फुलकोबी, वाटाणा, शेंगाभाज्या खाणाऱ्यांचा धोका वाढलाच नाही.

आता डाळीचा हिशेब करू, कारण गरिबाचं प्रथिन तेच आहे. कोरड्या डाळीत शंभर ग्रॅममागे साधारण ७० ते १३० मिलिग्रॅम प्युरीन असतं. हा आकडा वाचून लोक म्हणतात, "बघा, मटणाइतकंच!" पण कोरडी डाळ कोणी खात नाही. वाटीभर वरणाला २५ ते ३० ग्रॅम डाळ पुरते. म्हणजे एका वाटीतून पोटात जातं २० ते ४० मिलिग्रॅम. दोन्ही वेळा वरण खाल्लं तरी दिवसाचे जास्तीत जास्त ८०. शंभर ग्रॅम कलेजीच्या एका प्लेटीत याच्या अडीचपट किंवा जास्त. वरण बंद करून दादांनी वाचवलं ते इतकंच, आणि गमावलं ते दिवसाचं बरंचसं प्रथिन.

टोमॅटोबद्दल एक वाक्य. न्यूझीलंडमधल्या काही रुग्णांनी टोमॅटो खाल्ल्यावर झटका येतो असं सांगितलं होतं आणि त्यात थोडंफार तथ्य असावं असं पुढच्या अभ्यासात दिसलं, पण परिणाम फार किरकोळ होता. तुम्हाला स्वतःला दोनतीनदा नक्की तसा अनुभव आला तर टाळा. सगळ्यांच्या भाजीतून टोमॅटो काढायचं कारण नाही.

मटणाच्या रश्श्याबद्दल मात्र सावध करतो. मांस उकळलं की त्यातलं बरंच प्युरीन पाण्यात उतरतं. म्हणून "फोडी खात नाही, नुसता रस्सा पितो" हा पथ्याचा प्रकार उलटा आहे. गाऊटवाल्याने फोडी खाव्यात आणि रस्सा कमी घ्यावा.

ज्यावर कुणी बोलत नाही ती बाटली

आता आपल्या लोकांकडे वळतो. राग आला तर येऊ द्या.

दादांच्या यादीत पालक होता, वांगं होतं, दारू नव्हती. डॉक्टरांनी विचारलंच नाही. दादा रोज संध्याकाळी क्वार्टर घेत होते, म्हणजे १८० मिलिलिटर, आणि त्यात कोल्ड्रिंक मिसळत होते. गाऊटसाठी याहून वाईट जोडी शोधून सापडणार नाही.

दारू दोन्हीकडून मारते. यकृतात दारू जाळताना पेशींची ऊर्जा खर्च होते आणि त्या खर्चातून प्युरीन मोकळं होऊन युरिक अ‍ॅसिड वाढतं. शिवाय दारूमुळे रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतं आणि ते किडनीला युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकू देत नाही. बिअरमध्ये यीस्टचं प्युरीनही असतं. रोज एक बिअर घेणाऱ्यांत गाऊटचा धोका सुमारे निम्म्याने वाढलेला दिसला. कडक दारूच्या एका पेगमागे तो कमी, सुमारे १५ टक्के, वाढला. पण आपल्याकडे एक पेग कोण घेतं? एका क्वार्टरमध्ये तीन मोठे पेग असतात. ज्यांना गाऊट आहे त्यांच्या पाहणीत दिवसभरात एकदोन पेगांनीही पुढच्या चोवीस तासांत झटक्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली, आणि त्यात वाईनही सुटली नाही.

कोल्ड्रिंकचं तर नावच कोणी घेत नाही, कारण ते शाकाहारी आहे. साखरेतला फ्रुक्टोज नावाचा भाग यकृतात नेमकं तेच करतो जे दारू करते. ऊर्जा झटपट खर्च करून प्युरीन मोकळं करतो. २००८ च्या एका अभ्यासात दिवसाला दोन किंवा जास्त गोड थंडपेयं घेणाऱ्या पुरुषांना महिन्याला एखादंच घेणाऱ्यांपेक्षा गाऊट सुमारे ८५ टक्के जास्त झाला. हा आकडा मांसाच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. तरीही मटणाला शिव्या मिळतात आणि लग्नातल्या शाकाहारी पंगतीत कोल्ड्रिंकच्या बाटल्या पाण्यासारख्या वाटल्या जातात.

पंचशीलातलं पाचवं शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. मी इथे शीलाचं प्रवचन देत नाही. पण गाऊटवाल्या बौद्ध माणसाला एकच गोष्ट सोडायला सांगायची झाली, तर मी मटणाला हात लावणार नाही, बाटली उचलीन. "आमच्या खाद्यसंस्कृतीवर हल्ला" ही ओरड बाटलीच्या बचावासाठी वापरू नका. शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये आपल्या आयाबायांचं रांधणं नोंदवलं, देशी दारूच्या दुकानाचं नाही.

चिठ्ठीत लपलेलं कारण

मी दादांची सगळी कागदं पसरून बसलो तेव्हा एक चिठ्ठी वेगळी निघाली. दोन वर्षांपासून त्यांना बीपीची गोळी चालू होती आणि त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड नावाचं लघवी वाढवणारं औषध होतं. हे औषध किडनीतून युरिक अ‍ॅसिड बाहेर जाऊ देत नाही. झटके सुरू झाले ते ही गोळी सुरू झाल्यानंतर. यादी देणाऱ्या डॉक्टरांनी पालकाची चौकशी केली, पण रोजच्या गोळीची केली नाही.

आणि एक कारण त्यांच्या कामात होतं. घंटागाडीवर सकाळी सहा ते दुपारी दोन, वाटेत मुतारी नाही, म्हणून ते पाणीच पीत नव्हते. उन्हात घाम आणि वर पाणी नाही, तर रक्त आटतं आणि युरिक अ‍ॅसिड दाट होतं. पाणी कमी पडणं हे झटक्याचं ओळखीचं निमित्त आहे. हे ऊसतोड करणाऱ्यांना लागू आहे, बांधकामावरच्यांना लागू आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणाऱ्या आपल्या पोरांना तर आणखी लागू आहे, कारण शिसं किडनीची युरिक अ‍ॅसिड टाकण्याची ताकदच खाऊन टाकतं. शिशामुळे होणारा गाऊट वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. कामाची जागा न विचारता ताट विचारणारा वैद्य अर्धाच वैद्य असतो.

आम्ही दादांना सरकारी रुग्णालयातल्या मेडिसिनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी किडनीची तपासणी केली, ती ठीक होती. बीपीची गोळी बदलून लोसार्टन दिली, जी बीपीही आटोक्यात ठेवते आणि थोडं युरिक अ‍ॅसिडही बाहेर काढते. दोनहून अधिक झटके होऊन गेले होते आणि आकडा नऊच्या वर गेला होता, म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलं. आधी रोज १०० मिलिग्रॅम, मग रक्त तपासून २००, मग ३००. सोबत पहिले सहा महिने कोल्चिसिनची ०.५ मिलिग्रॅमची गोळी.

दुसऱ्या महिन्यात अंगठा पुन्हा सुजला. दादा म्हणाले, "हे औषधच बाधतंय, बंद करतो." इथेच बहुतेक लोक उपचार सोडतात. युरिक अ‍ॅसिड उतरू लागलं की सांध्यातले जुने स्फटिक विरघळताना हलतात आणि शरीर पुन्हा चवताळतं. कोल्चिसिन त्यासाठीच असतं. झटका आला म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल थांबवायचं नसतं, झटक्याचं औषध वेगळं घ्यायचं असतं. फक्त एका बाबतीत ताबडतोब थांबायचं. अंगावर पुरळ आलं, तोंड आलं, ताप आला, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

सहा महिन्यांनी दादांचं युरिक अ‍ॅसिड ५.६ आलं. सहाच्या खाली ठेवायचं हे लक्ष्य, म्हणजे साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. आज ते दोन्ही वेळा वरण खातात, अंडं खातात, रविवारी मटण खातात. कलेजी सणासुदीला एखादी फोड. क्वार्टर सुटली हे सांगायला मला आवडलं असतं. आठवड्यातून एकदावर आली आहे आणि कोल्ड्रिंक पूर्ण बंद आहे.

पथ्याची ताकदही मोजून सांगतो. दारू, गोड पेयं, कलेजी, जास्तीचं वजन हे सगळं नेटाने कमी केलं तर आकडा साधारण एकाने उतरतो. ७.२ वाला तेवढ्याने सहाच्या जवळ येईल. ९.४ वाल्याला पुरणार नाही. त्याला औषध न देता नुसती यादी देणं म्हणजे त्याला उपचार नाकारणं आहे.

दर झटक्याला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचून घरी पाठवणाऱ्यांचंही हेच. इंजेक्शनने दुखणं थांबतं, स्फटिक तिथेच राहतात. पुन्हा पुन्हा घेतलेल्या वेदनाशामकांनी किडनी खराब होते आणि मग युरिक अ‍ॅसिड बाहेर जायचा रस्ताच बंद होतो. वर्षानुवर्षं असंच चाललं की कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर पांढुरक्या गाठी येतात, सांधे वाकतात. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर आकडा कधीकधी सरळ येतो हेही विसरू नका. तो सरळ आला म्हणून गाऊट नाही असं होत नाही. दोन आठवड्यांनी परत तपासायचं.

औषध शोधणाऱ्या बाईंची गोष्ट

ज्या अ‍ॅलोप्युरिनॉलने दादांचं वरण परत मिळवून दिलं, ते गर्ट्रूड एलिऑन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलं. एलिऑन या न्यू यॉर्कमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातल्या. उत्तम शिकूनही केवळ बाई म्हणून त्यांना प्रयोगशाळेत नोकरी मिळत नव्हती. त्यांनी पीएचडीही पुरी केली नाही. त्यांनी आयुष्य प्युरीनच्या अभ्यासाला दिलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्युरीन खाणाऱ्याला दोष देण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. प्युरीनचं युरिक अ‍ॅसिड कुठल्या पायरीवर होतं ते शोधलं आणि ती पायरी अडवली.

तर कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी वस्तीत कुणी "युरिक अ‍ॅसिड वाढलंय, डाळ बंद केली" असं म्हणालं, तर त्यांना चार प्रश्न विचारा. सांधा खरोखर सुजला होता का, की नुसता आकडा आहे? बीपीची कुठली गोळी चालू आहे? दारू आणि कोल्ड्रिंक किती? कामावर पाणी प्यायला मिळतं का? या चारांची उत्तरं कागदावर लिहून त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयात जा. आणि डॉक्टर आडनाव वाचून ताटावर घसरले, तर शांतपणे किडनीची तपासणी आणि औषधाचा डोस यांवर बोलणं परत आणा. ती तपासणी आणि तो डोस मागणं हा आपला हक्क आहे.

घंटागाडीच्या मार्गावर मुतारी आणि प्यायचं पाणी मिळावं म्हणून आम्ही पालिकेत निवेदन दिलं आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लिहीन.

जय भीम. नमो बुद्धाय.